बसमधली पहिली ओळख : कन्नड बोलणाऱ्या नवशिक्याला शिकवायचा एक मराठी संवाद

बेळगावात मराठी शिकू पाहणारा माणूस बहुतेक वेळा घरी कन्नड बोलणारा असतो. बैलहोंगल, गोकाक, सौंदत्तीकडून नोकरीसाठी आलेला, किंवा मराठी घरात सून म्हणून आलेली. त्याला मराठी अगदीच परकी नसते. बाजारातली, बसमधली मराठी कानावरून गेलेली असते, पण तोंडून वाक्य निघत नाही. अशा माणसाला शिकवायला कुणी बसलं की पुस्तकी संवादापासून सुरुवात होते : ‘नमस्कार. तुम्ही कसे आहात? मी ठीक आहे. तुम्हाला भेटून आनंद झाला.’ हा संवाद पाठ होतो आणि कधीच वापरला जात नाही, कारण अनोळखी माणसाला मराठीत कुणी ‘कसे आहात’ विचारत नाही. तो प्रश्न ओळखीच्यांसाठी आहे. ‘भेटून आनंद झाला’ हे सभेतल्या पाहुण्याच्या तोंडी शोभतं, शेजारच्या सीटवरच्या बाईच्या नाही.

आपल्याकडे अनोळखी माणसाशी बोलणं कामाच्या प्रश्नातून सुरू होतं. जागा रिकामी आहे का, बस थांबते का, कुठं उतरणार. मग गाव निघतं, आणि नाव सगळ्यांत शेवटी येतं, कधी कधी येतही नाही. नवशिक्याचा पहिला संवाद याच क्रमाने बांधला तर तो दुसऱ्याच दिवशी वापरता येतो.

पुढचा संवाद बेळगावहून खानापूरला जाणाऱ्या साध्या बसमधला आहे. शिल्पा पंचविशीची, बैलहोंगलची, आता पिरनवाडीत भाड्याने राहते. सुमन पन्नाशीच्या पुढच्या, खानापूरच्या. दोघींनी एकमेकींना आधी कधी पाहिलेलं नाही.

शिल्पा : नमस्कार काकू. इथं कुणी बसलंय का?
सुमन : नाही, बसा की.
शिल्पा : ही बस पिरनवाडीला थांबते ना?
सुमन : हो, थांबते. तिथं उतरणार का तुम्ही?
शिल्पा : हो. मी तिथंच राहते.
सुमन : मूळच्या तिथल्याच का?
शिल्पा : नाही, मी मूळची बैलहोंगलची. तुम्ही कुठं राहता काकू?
सुमन : खानापूरला. बाजारपेठेत आमचं घर आहे. नाव काय तुमचं?
शिल्पा : माझं नाव शिल्पा. तुमचं?
सुमन : मी सुमन पाटील.
शिल्पा : काकू, मी मराठी शिकते आहे. जरा सावकाश बोला.
सुमन : अहो, छान बोलता की!
शिल्पा : पिरनवाडी आली. येते काकू.
सुमन : या. परत भेटू.

शिल्पाच्या वाट्याला सात पाळ्या आहेत आणि एकही वाक्य पाच-सहा शब्दांच्या वर नाही. यापेक्षा लांब संवाद पहिल्या आठवड्यात देऊ नये. तिसऱ्या ओळीतला प्रश्न मुद्दाम ‘थांबते ना’ असा ठेवला आहे. ‘ही बस कुठं जाते’ असं कन्नड वाचणाऱ्या माणसाने विचारण्यात अर्थ नाही, कारण बसची पाटी कन्नडमध्येच असते आणि ती त्याला आपल्यापेक्षा लवकर वाचता येते. मधले थांबे मात्र पाटीवर नसतात. प्रश्न खरा असला की उत्तरही खरं मिळतं, नाहीतर समोरचा नुसतं पाटीकडे बोट दाखवतो.

पहिली पायरी : संवाद शिकणाऱ्याच्या मापाचा करा

शिकवायला बसण्याआधी शिकणाऱ्याला कन्नडमध्येच तीन गोष्टी विचारा : मूळ गाव कोणतं, आता कुठल्या भागात राहतो, आणि रोज कुठल्या बसने कुठून कुठं जातो. मग शिल्पाच्या जागी त्याचं नाव, बैलहोंगलच्या जागी त्याचं गाव, पिरनवाडीच्या जागी त्याचा थांबा घाला. शिकणारा पुरुष असेल तर त्याच्या वाक्यांत पाच शब्द बदलतील : राहते चं राहतो, मूळची चं मूळचा, बैलहोंगलची चं बैलहोंगलचा, शिकते आहे चं शिकतो आहे, आणि येते चं येतो. समोरच्याच्या प्रश्नातही ‘मूळच्या तिथल्याच का’ याचं ‘मूळचे तिथलेच का’ होईल. पुरुषाला बाईची वाक्यं देऊन ‘तू मनातल्या मनात बदल’ असं सांगू नका. नवशिक्याला ते जमत नाही, आणि एकदा जिभेवर बसलेलं रूप महिनोन्‌महिने उतरत नाही.

हे कागदावर लिहून देताना एक अडचण येते. बहुतेक जण मराठी वाक्यं कन्नड लिपीत उतरवून घेतात, आणि त्यात काही गैर नाही. पण कन्नड वाचताना शब्दाच्या शेवटचा अ पूर्ण उच्चारतात. मराठीत आपण ‘नाव’ लिहितो आणि शेवटचा व अर्धाच बोलतो. कन्नड लिपीत तो व पूर्ण लिहिला की शिकणारा ‘नाव-अ’ म्हणतो, आणि कन्नड शब्द स्वरात संपवायची सवय असल्यामुळे पुढे त्याचं ‘नावु’ होतं. म्हणून लिहून घेताना नाव, घर, पाटील अशा शब्दांचं शेवटचं अक्षर पाय मोडून लिहायला सांगा. हेच मधल्या अक्षराला : ‘थांबते’ मधला ब, ‘उतरणार’ मधला र. इतकं केलं की निम्मा हेल जातो.

दुसरी पायरी : हाक आधी, वाक्य नंतर

‘नमस्कार’ दोन्ही भाषांत चालतो, त्यामुळे तिथं शिकवण्यासारखं काही नाही. खेड्यात ‘राम राम’ ऐकू येईल, त्याला ‘राम राम’ असंच उत्तर द्यायचं. खरा प्रश्न नमस्कारानंतरच्या हाकेचा असतो.

उत्तर कर्नाटकातल्या कन्नडमध्ये आदराने बोलताना वाक्याच्या शेवटी ‘री’ लागतो आणि आदर तिथं बसतो : ‘निम्म हेसरेनरी?’ मराठीत तो ‘री’ नाही, म्हणून शिकणाऱ्याला वाक्य उघडं वाटतं आणि तो ‘बस थांबते ना री’ असं बोलून जातो. त्याची जागा भरायला मराठीत दोन गोष्टी आहेत : क्रियापदाचं तुम्ही-रूप आणि नात्याची हाक. ‘तुम्ही कुठं राहता काकू?’ यात दोन्ही आहेत आणि इतका आदर पुरेसा आहे. बेळगावच्या मराठीतला ‘ओ’ (‘काय ओ’, ‘हो की ओ’) हा ‘री’चा जवळचा नातेवाईक खरा, पण तो नवशिक्याच्या तोंडी अर्धवट लागतो. ऐकून समजला तरी पुरे.

हाका निवडताना दोन्ही भाषांत चालणाऱ्या आधी द्या. अक्का, अण्णा, काका, मामा, आजी या हाका शिकणाऱ्याला घरच्याच वाटतात. साधारण चाळिशीच्या पुढच्या बाईला काकू किंवा मावशी, आपल्या वयाच्या किंवा थोड्या मोठ्या बाईला ताई. इथं एक गंमत आहे. कन्नडमध्ये ‘तायि’ म्हणजे आई. त्यामुळे तिशीतल्या बाईला ताई म्हणायला कन्नड बोलणारा सुरुवातीला कचरतो, आणि सत्तरीच्या आजींना मात्र मोठ्या आदराने ताई म्हणतो. आजी रागावत नाहीत, हसतात. पण ‘ताई म्हणजे मोठी बहीण, आई नाही’ हे पहिल्याच दिवशी सांगून टाकावं.

नाव कळल्यानंतरही हाक बदलत नाही. ‘मी सुमन पाटील’ असं उत्तर आलं तरी शिल्पाने पुढे ‘काकू’च म्हणायचं. नाव माहिती म्हणून घ्यायचं असतं, हाक मारायला नाही.

तिसरी पायरी : ‘मी’ च्या मागे कोण उभं आहे

सगळ्यांत जास्त वेळ इथं द्या. बाकीच्या चुका समजून घेतल्या जातात, ही लगेच कानाला लागते.

कन्नडमध्ये ‘नानु इर्तीनि’ हे पुरुषही म्हणतो आणि बाईही. लिंग दिसतं ते तिसऱ्या माणसाबद्दल बोलताना : तो ‘इर्ताने’, ती ‘इर्ताळे’. म्हणजे क्रियापदाला लिंग असणं शिकणाऱ्याला नवीन नाही, ते ‘मी’ला असणं नवीन आहे. समजावताना व्याकरणाच्या संज्ञा न वापरता इतकंच सांगावं : तुमच्याकडे तो आणि ती वेगळे, आमच्याकडे मीसुद्धा वेगळा आणि वेगळी. मग राहतो-राहते, शिकतो-शिकते, येतो-येते या तीन जोड्या. चौथी जोडी पहिल्या आठवड्यात नको.

आता इथली अडचण. कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात पुष्कळ बायका स्वतःबद्दल बोलताना ‘मी येतो’, ‘मी जातो’ असंच म्हणतात. शिकणारी मुलगी घरी ‘राहते’ घोकते आणि गल्लीत सासूबाईंच्या तोंडून ‘मी जरा बाजारात जाऊन येतो’ ऐकते. मग तिला वाटतं, आपल्याला चुकीचं शिकवलं. तिला स्पष्ट सांगावं की हे इथल्या बोलीचं वळण आहे आणि त्यात चूक नाही. पण नवशिक्या बाईने आधी ‘राहते, येते’ पक्कं करावं, कारण ते बेळगावातही चालतं आणि पुण्यातही. बोलीतलं ‘येतो’ पुढे आपोआप येतं, आणि आलं तर येऊ द्यावं. सासूबाईंना मात्र दुरुस्त करायला जाऊ नये.

‘तुम्ही’ला ही भानगड नाही. ‘तुम्ही कुठं राहता?’ हे बाईलाही आणि पुरुषालाही. म्हणून पहिल्या संवादात दोन्ही बाजूंना तुम्हीच ठेवलं आहे. खऱ्या बसमध्ये मात्र पन्नाशीची बाई पंचविशीच्या मुलीला दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला ‘तू’ म्हणू लागण्याची शक्यता बरीच असते : ‘बस की’, ‘कुठं राहतेस गं?’, ‘तुझं नाव काय?’, निघताना ‘ये हं’. हे ऐकून समजायला हवं, पण उत्तर तुम्हीनेच द्यायचं. कन्नडमध्येही नीनु आणि नीवु यांचा असाच व्यवहार असतो, त्यामुळे हे समजावायला दोन मिनिटं पुरतात. चूक होते ती वेगळीच : समोरची ‘तुझं’ म्हणाली की शिकणारी नकळत तोच शब्द उचलते आणि ‘माझं नाव शिल्पा. तुझं?’ असं विचारून बसते.

चौथी पायरी : माझं नाव, मी बैलहोंगलची

राहते आणि येते जमलं की शिकणारी एक नवीन चूक करू लागते : ‘माझी नाव शिल्पा.’ ही चूक प्रगतीची खूण आहे. बाई बोलत असली की शेवट बदलतो हे तिला कळलंय, आणि तिने ते माझं-माझी वरही लावलंय. कन्नडमध्ये ‘नन्न’ कधीच बदलत नाही, नन्न हेसरु, नन्न मने, नन्न ऊरु, त्यामुळे माझं-माझी-माझा कशावर बदलतात याचा अंदाज तिला घरून येत नाही.

फरक दोन वाक्यं शेजारी ठेवून दाखवा. ‘माझं नाव’ मध्ये माझं हे नावाकडे बघतं. नाव ‘ते’, म्हणून माझं, मग बोलणारा बाप्या असो की बाई. ‘मी बैलहोंगलची’ मध्ये ची ही बोलणाऱ्याकडे बघते. बाई म्हणून ची, पुरुष असता तर बैलहोंगलचा. या दुसऱ्याला कन्नडमध्ये चांगला आधार आहे : ‘बैलहोंगलदवनु’ आणि ‘बैलहोंगलदवळु’. दवनु तिथं चा, दवळु तिथं ची, एवढं म्हटलं की डोक्यात बसतं. पहिल्याला आधार नाही, तिथं पाठांतरच करायचं, आणि तेही चारच शब्दांचं : माझं नाव, माझं गाव, माझं घर, माझी गल्ली. ‘माझी नाव’ म्हणजे माझी होडी, हे एकदा हसत सांगितलं तर ती चूक पुन्हा फारशी होत नाही.

याच ओळींत एक उच्चार आहे, तो लिपीतून कळत नाही. ‘माझं’ मधला झ आणि ‘तुमचं’ मधला च दातांजवळ बोलला जातो, साधारण द्झ आणि त्स सारखा. ‘माझी’, ‘तुमची’ मध्ये तोच च-झ टाळूजवळ जातो. कन्नडमध्ये फक्त टाळूजवळचा आहे, म्हणून शिकणारा सगळीकडे तोच वापरतो. पुढे ई किंवा य आला की टाळूचा, तुमचं-माझं सारख्या शब्दांत दातांचा, एवढी खूण पुरे. ‘बोला त्स’ असं म्हणून घेऊन मग ‘तुमत्सं’ पर्यंत यावं. पाच-सहा वेळा म्हटलं की साधतं. नाही साधलं तरी अर्थ बिघडत नाही, त्यामुळे यावर तासन्‌तास घालवू नये. ळ आणि ण यांची काळजी करायची गरज नाही, ते कन्नड बोलणाऱ्याला पुष्कळ मराठी मुलांपेक्षा स्वच्छ येतात. खानापूरचं कानापूर आणि थांबते चं तांबते होत असेल तर हाताचा तळवा तोंडासमोर धरून हवेचा झोत दाखवा. कन्नडच्या मूळच्या शब्दांत महाप्राण जवळजवळ नाहीतच, म्हणून तो विसरला जातो.

पाचवी पायरी : ला की त

कन्नडमध्ये राहण्याच्या जागेला ‘अल्लि’ लागतो आणि जाण्याच्या जागेला ‘क्के’ किंवा ‘गे’. खानापुरदल्लि राहायचं, खानापुरक्के जायचं. मराठीत ‘खानापूरला राहते’ आणि ‘खानापूरला जाते’ या दोन्हीत ला. शिकणाऱ्याला वाटतं आपलं ऐकण्यात काहीतरी चुकलं, मग राहण्यासाठी वेगळं काहीतरी हवं म्हणून तो सगळीकडे ‘मध्ये’ लावतो : ‘मी खानापूरमध्ये राहतो’, ‘गल्लीमध्ये राहतो’, ‘रोडमध्ये राहतो’. पहिली दोन चालून जातात, तिसरं ऐकणाऱ्याला अपघाताची बातमी वाटते.

सोपा मार्ग असा : गाव किंवा शहर आलं की ला. बेळगावला, खानापूरला, निपाणीला, संकेश्वरला, नंदगडला. यांतल्या कुठल्याही नावात मोडतोड करावी लागत नाही. त लावला तर करावी लागते : खानापूरचं खानापुरात होतं, नंदगडचं नंदगडात, बेळगावचं बेळगावात. तेही बरोबरच आहे आणि आपण सर्रास बोलतो, पण नवशिक्याने पहिल्या आठवड्यात गावाला ला लावून मोकळं व्हावं.

गावाच्या आतल्या भागाला मात्र त हवा. गणपत गल्लीत, टिळकवाडीत, बाजारपेठेत, चौकात. ‘गणपत गल्लीला राहते’ असं कुणी म्हणत नाही. गल्ली, वाडी अशा ई-कारान्त नावांना नुसता त जोडायचा, म्हणून राहण्याचा भाग तसा असेल तर काम सोपं. वडगाव, शहापूर, अनगोळ ही आता बेळगावातच मोडतात, पण बोलताना त्यांना गावासारखंच वागवलं जातं : वडगावला, शहापूरला, अनगोळला. रस्ता असेल तर ‘रोडवर’ किंवा ‘रोडला’, दोन्ही ऐकू येतात.

म्हणून सुमनच्या उत्तरात आधी ‘खानापूरला’ आणि मग ‘बाजारपेठेत’ आलं आहे. शिकणाऱ्याकडून त्याच्या घरासाठी अशीच दोन शब्दांची जोडी करून घ्या : बेळगावला, टिळकवाडीत. किंवा बेळगावला, वडगावला. ती जोडी त्याच्या तोंडी इतकी बसवा की विचार न करता निघेल.

‘कुठं राहता’ आणि ‘मूळचे कुठले’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि सीमाभागात दुसरा जास्त विचारला जातो. कन्नडमध्ये ‘निम्मूरु यावदु?’ जे काम करतं, ते मराठीत ‘गाव कुठलं?’ करतं. गडबड होते ती अशी : ‘गाव कुठलं’ला शिकणारा ‘पिरनवाडी’ म्हणतो, समोरचा ‘हो का, पिरनवाडीत कुणाच्यातले तुम्ही?’ म्हणून पुढे सरकतो, आणि मग शिकणाऱ्याला काहीच सुचत नाही. गाव विचारलं की मूळ गाव सांगायचं, मग ‘आता पिरनवाडीला राहते’ जोडायचं. ‘मूळची’ आणि ‘आता’ हे दोन शब्द त्या अडचणीतून बाहेर काढतात.

‘आमचं घर’ ऐकून शिकणारी विचारते, एकटी बाई ‘आमचं’ का म्हणते? घरच्या सगळ्यांचं म्हणून. ‘नम्म मने’ तसंच आहे, हे तिला लगेच पटतं. फक्त ‘आपलं घर’ म्हणू नको असं सांगा. ‘आपलं’ मध्ये ऐकणाराही येतो, आणि अनोळखी बाईला आपल्या घराची भागीदार करण्याचं कारण नाही. कन्नडच्या ‘नम्म’मध्ये हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात, त्यामुळे हा फरक सुटतो. त्यातून ‘आपलं नाव?’ असा आदराचा प्रश्नही कचेरीत किंवा लग्नाच्या बोलणीत कानावर येतो. तिथं आपलं म्हणजे तुमचं. शिकणाऱ्याने स्वतः तुमचं आणि आमचं एवढंच वापरावं, आपलं ओळखता आलं तरी बस्स.

आडनावाचा विषय थोडक्यात. कन्नडमध्ये त्याला ‘अड्डहेसरु’ म्हणतात, म्हणजे शब्दही जवळजवळ तोच. समोरच्याने सांगितलं तर ठीक, पण शिकणाऱ्याने स्वतःहून ‘आडनाव काय?’ विचारू नये. त्या प्रश्नाने जात विचारल्यासारखं होतं, आणि अडखळत बोलणाऱ्याला तो सावरून घेता येत नाही. ‘तुमचं?’ एवढं विचारावं. जितकं सांगायचं तितकं समोरचा सांगतो.

सहावी पायरी : सराव, आणि संवाद मोडणं

रोज वीस मिनिटं, सहा दिवस, एवढ्यात हे होतं. पहिल्या दिवशी कागद न देता संवाद तीनदा नेहमीच्या गतीने वाचून दाखवा आणि काय काय कळलं ते कन्नडमध्ये विचारा. बस, नमस्कार, काकू, बैलहोंगल यावरून निम्मा अर्थ तो स्वतःच लावतो. दुसऱ्या दिवशी कागद द्या आणि फक्त त्याची वाक्यं बसवा. ‘इथं कुणी बसलंय का’ मधल्या बसलंय ची फोड करत बसू नका, ते अख्खं वाक्य एक शब्द समजून पाठ होऊ द्या. तिसऱ्या दिवशी राहते-शिकते-येते आणि माझं-ची. चौथ्या दिवशी ला आणि त, त्याच्या ओळखीच्या दहा ठिकाणांवर. पाचव्या दिवशी भूमिका उलट करा : प्रश्न त्याने विचारायचे.

सहाव्या दिवशी संवाद मोडा. खऱ्या बसमध्ये कुणी आपला क्रम पाळत नाही. नाव आधी विचारा. ‘कुठं राहता’ ऐवजी ‘घर कुठं तुमचं?’ विचारा. ‘मूळच्या तिथल्याच का’ ऐवजी ‘तुम्ही हिकडच्या का?’ म्हणा. ‘राहते’ न म्हणता ‘ऱ्हाते’ म्हणा, कारण ऐकायला तेच मिळणार आहे. इथल्या ‘करूलालो, जाऊलालो’ अशा रूपांपैकी एखादं मध्ये टाका. शिकणारा गोंधळला तर त्याने गप्प बसायचं नाही, ‘परत सांगा काकू’ म्हणायचं. तो नुसता पाठ केलेला क्रम म्हणतोय की खरंच ऐकतोय हे इथं कळतं. नाव विचारल्यावर ‘हो, मी तिथंच राहते’ असं उत्तर आलं, तर त्याने प्रश्न ऐकलेलाच नाही, पुढची ओळ म्हटली आहे. अशा वेळी आणखी नवीन वाक्यं देऊ नका. याच प्रश्नांचा क्रम रोज बदलत दोन-तीन दिवस काढा.

शेवटच्या दोन ओळींना कन्नडचा पूर्ण आधार आहे. निघताना मराठीत जातो-जाते म्हणत नाहीत, येतो-येते म्हणतात, आणि कन्नडमध्येही ‘बर्तीनि’च म्हणतात. ‘पिरनवाडी आली’ मध्ये गावाला ‘आली’ का, असं शिकणारा विचारेल. वाडी ती, म्हणून आली. खानापूर ते, म्हणून आलं. त्याच्या थांब्याचं एकच रूप पाठ करून द्या.

आता अकरावी ओळ : ‘काकू, मी मराठी शिकते आहे. जरा सावकाश बोला.’ पुस्तकात ती शोभेला असते, बेळगावात तिच्याशिवाय संवाद पुढे जात नाही. इथं बहुतेकांना दोन-तीन भाषा येतात. शिकणाऱ्याचा पहिला हेल कानावर पडला की समोरची बाई चांगुलपणाने कन्नडवर येते, नाहीतर हिंदीवर, आणि मराठीचा सराव तिथंच संपतो. म्हणून ही ओळ शेवटाकडे न ठेवता, समोरच्याने भाषा बदलली त्या क्षणी बोलायची असते, आणि तेव्हा तिचा दुसरा अर्धा बदलायचा : ‘काकू, मी मराठी शिकते आहे. मराठीतच बोला.’ ‘सावकाश’ हा शब्द मुद्दाम घेतला आहे. तो तिकडच्या कन्नडमध्येही वापरात आहे, आणि ‘हळू बोला’ म्हटलं तर समोरच्या बाईला वाटतं आपला आवाज मोठा झाला. मग ती कुजबुजायला लागते, गती मात्र तीच राहते.